‘सर्टिफिकेट रद्द’ झालेलं पान जबरदस्तीने उघडू नका

फिरणारा मेसेज: “NET::ERR_CERT_REVOKED आलं तर घाबरू नका, सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते. मोबाइलची तारीख नीट करा, नाहीतर ब्राउझरची तपासणी बंद करून पान उघडा.”

हे चुकीचं आहे. सर्टिफिकेट म्हणजे साइट खरोखर त्याच नावाची आहे, हे ब्राउझरला पटवणारं डिजिटल ओळखपत्र. तारखेचा घोळ असेल तर NET::ERR_CERT_DATE_INVALID असं दिसतं. REVOKED म्हणजे मुदत शिल्लक असतानाच, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने ते मागे घेतलं आहे. एटीएम कार्ड चोरीला गेल्यावर बँक ते मुदतीआधीच बंद करते, तसंच.

२०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेत हॅकर घुसले आणि त्यांनी गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट काढून घेतलं. त्यावर मुदत जुलै २०१३ पर्यंतची होती. ते वापरून इराणमधल्या लोकांचं जीमेल मध्येच वाचलं जात होतं, आणि बहुतेक ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप मात्र नेहमीसारखंच दिसत होतं. ऑगस्टच्या शेवटी ते रद्द झालं. तारीख पाहून हा धोका कुणालाच कळला नसता.

कधी कधी कारण साधं असतं, सर्टिफिकेट देताना झालेली कागदोपत्री चूक वगैरे. पण चूक की चोरी, हे बाहेरून आपल्याला ओळखता येत नाही. म्हणूनच क्रोम इथे ‘तरीही पुढे जा’ची लिंक देत नाही. तपासणी बंद केलीत तर पासवर्ड, ओटीपी नेमके कुणाच्या हातात जातील, सांगता येणार नाही.

साइटवाल्यांना फोन करून कळवा. नवी गुप्त डिजिटल किल्ली बनवून नवं सर्टिफिकेट बसवणं हे त्यांचंच काम आहे. तुमच्या मोबाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही.