पिशवी उतरवायची कुठे?

कोकण रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांमध्ये असा एक संदेश फॉरवर्ड होत फिरतो आहे:

"गाडीतल्या डस्टबिनमध्ये कचरा टाकून काही उपयोग नाही. बोगदा आला की सफाईवाले सगळ्या पिशव्या दारातून बाहेर फेकतात. मग आपण खिडकीतून टाकला तर काय बिघडलं? प्रत्येक डब्यात मोठे डस्टबिन ठेवा, प्रश्न मिटेल. आणि आता बायो-टॉयलेट आहेत, त्यात काहीही टाकलं तरी जिरतं. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवा."

बोगद्याची गोष्ट सरसकट खोटी ठरवता येणार नाही, कारण असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. मे महिन्यातल्या एका दिवसाच्या गाडीत बेसिनसमोर, दाराला लागून, तोंड बांधलेल्या दोन काळ्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी थांबलेली गाडी सुटली, बोगद्यात शिरली आणि बाहेर आली तेव्हा त्या पिशव्या जागेवर नव्हत्या. सफाई करणाऱ्या मुलाला विचारले, तर तो खालच्या आवाजात म्हणाला, "ठेवू कुठे, काका? स्टेशनवर उतरवायला गेलो तर तिथले घेत नाहीत." फॉरवर्ड करणाऱ्यांनी या उत्तराचा माग काढला असता, तर संदेश वेगळा लिहिला गेला असता.

कोकण रेल्वेवरून धावणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कोकण रेल्वेच्या नाहीत. नेत्रावतीचे डबे दक्षिण रेल्वेचे, मांडवीचे मध्य रेल्वेचे. चालत्या गाडीतील सफाईचा ठेका डब्यांची मालकी असलेली रेल्वे देते. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या स्थानकांची सफाई मात्र कोकण रेल्वे महामंडळाकडे असते. म्हणजे गाडीतला झाडूवाला आणि फलाटावरचा झाडूवाला हे दोन वेगळ्या ठेकेदारांचे कामगार असतात. गाडीतून उतरलेली पिशवी फलाटावरच्या माणसाच्या हिशेबात वाढीव काम असते, त्यामुळे ती कोणत्या स्थानकावर, कोणाच्या ताब्यात द्यायची हे आधी ठरलेले नसेल, तर तिला वाली उरत नाही. त्यातच बऱ्याच स्थानकांवर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात चार डब्यांच्या पिशव्या उतरवून कचरा ठेवण्याच्या जागेपर्यंत नेणे आणि पुन्हा गाडी पकडणे एका माणसाला जमण्यासारखे नाही. उलट, वीरच्या पुढे मार्ग जवळजवळ सगळा एकेरी असल्याने गाडी जिथे वीस-पंचवीस मिनिटे खोळंबते, त्या लहान स्थानकावर कचरा घेणारे कोणीही नसते. वेळ आहे तिथे जागा नाही आणि जागा आहे तिथे वेळ नाही, अशी ही गत आहे.

आणखी एक गोष्ट प्रवाशाच्या लक्षात येत नाही. गाडीतील सफाईची पारख मुख्यतः डबा स्वच्छ दिसतो का यावर आणि प्रवाशांकडून भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या कागदावर होते. पिशवी बोगद्यात गेली काय किंवा रत्नागिरीला रीतसर उतरली काय, डबा दोन्ही वेळा सारखाच स्वच्छ दिसतो आणि गुणही सारखेच पडतात. किती पिशव्या भरल्या आणि किती, कोठे उतरवल्या, याची स्थानकाच्या सहीशिक्क्याची नोंद तपासली जात नाही तोवर पिशवी फेकणे हा कामगारासाठी सर्वांत सोपा मार्ग राहणार. म्हणून असा प्रकार दिसला, तर १३९ वर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार करताना केवळ "कचरा फेकला" एवढे न लिहिता गाडी क्रमांक, डबा क्रमांक, वेळ आणि नुकतेच मागे पडलेले स्थानक लिहावे. एवढ्या तपशिलावरून त्या वेळी त्या डब्यात कोण कामाला होते ते शोधता येते.

खिडकीतून टाकण्याने "काय बिघडलं" ते पावसाळ्यात रुळांशेजारून चालले की कळते. या मार्गाचा मोठा भाग डोंगर कापून काढलेल्या खोल कटिंगमधून जातो आणि तिथे रुळांच्या कडेने पाणी वाहून नेणारे अरुंद गटार असते. बाटल्या, वेष्टने आणि पत्रावळ्या या गटारात किंवा रुळांखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकतात, त्यांच्यामागे दरडीची माती साचते आणि तुंबलेले पाणी खडीत शिरते. मातीने भरलेल्या खडीतून पाण्याचा निचरा होत नाही, मग रूळ बसू लागतात. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग आधीच कमी केलेला असतो, त्यात अशा जागी तो आणखी कमी करावा लागतो. कचरापेटीतला कचरा निदान एका ठिकाणी गोळा होतो आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणाला तरी विचारता येते. खिडकीतून गेलेला कचरा मैलोन्‌मैल विखुरतो, आणि कटिंगमध्ये वाहन पोहोचत नसल्याने ट्रॅकमनला तो पाठीवरून वाहून आणावा लागतो. खरकट्याच्या वासाने रुळांवर येणारी गुरे हा आणखी वेगळा ताप.

मोठ्या डस्टबिनची सूचना ऐकायला बिनतोड वाटते, म्हणून तिचा हिशेब मांडून पाहू. मांडवी सकाळी मुंबईहून निघून संध्याकाळी मडगावला पोहोचते, आणि या गाडीत खाणेपिणे दिवसभर चालूच असते. ७२ बर्थचा एक डबा घ्या आणि निम्म्याच प्रवाशांनी लिटरची एकेक बाटली टाकली असे धरा. ३६ रिकाम्या बाटल्यांचे वजन किलोभरही भरत नाही, पण न चेपलेल्या बाटल्या चाळीसेक लिटर जागा अडवतात. त्यावर चहाचे कप आणि जेवणाचे डबे आले की रत्नागिरीच्या आसपास पेटी ओसंडते. पेटी दुप्पट केली, तर ती फार तर कुडाळपर्यंत पुरेल. मधल्या कोणत्या तरी स्थानकावर ती रिकामी करावीच लागेल आणि पिशवी उतरवायची कुठे हा प्रश्न पुन्हा तिथेच उभा राहील. शिवाय मोठी पेटी दाराजवळच्या अरुंद जागेत ठेवावी लागते, म्हणजे गणपतीच्या गर्दीत माणसे तिच्यावरच टेकणार. त्याऐवजी बाटली चेपून, हवा काढून झाकण घट्ट लावले, तर ती फुगत नाही आणि त्याच पेटीत कितीतरी जास्त बाटल्या मावतात.

पिशवी फलाटावर सुखरूप उतरली, तरी ती पुढे कोण नेणार हे ठरवावे लागते, कारण आपली अनेक स्थानके ज्या शहराच्या नावाने ओळखली जातात त्या शहरात नाहीत. सावंतवाडीचे स्थानक मळगावात आहे. नगरपरिषदेची कचरागाडी तिथे आपोआप येणार नाही, आणि रोज चार गाड्यांचे प्लास्टिक व खरकटे एकत्र कोंबलेल्या स्थितीत सांभाळण्याची ग्रामपंचायतीची ऐपत नसते. म्हणून या कचऱ्यासाठी कोणाशी तरी वेगळा करार लागतो. ओला आणि सुका कचरा गाडीतच वेगळा झाला, तर सुका भाग भंगारवाला घेऊ शकतो. आमटीत भिजलेली बाटली तोही घेत नाही.

राहिले बायो-टॉयलेट. डब्याखालच्या टाकीतले जिवाणू मैला कुजवून त्याचे पाणी आणि वायू करतात. प्लास्टिक, कापड, डायपर किंवा सॅनिटरी पॅड यांचे ते काहीही करू शकत नाहीत. अशी वस्तू नळीच्या वळणावर किंवा टाकीच्या तोंडाशी अडकते, पाणी वर चढू लागते आणि त्या डब्यातले एक शौचालय उरलेल्या प्रवासापुरते बंद होते. अडकलेली बाटली काढायला यंत्र नसते. हातमोजे मिळालेले असले तर ते घालून, नसले तर तसाच, कोणीतरी हात घालून ती ओढून काढतो.