झाशीच्या राणीचं वय: २३ की २९?

फिरणारा दावा: "राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या तेव्हा बरोब्बर २३ वर्षांच्या होत्या."

'बरोब्बर' काढून टाका. मृत्यू जून १८५८ चा, यात वाद फार तर एका दिवसाचा, १७ की १८. घोळ आहे तो जन्मसालात. काही ठिकाणी १९ नोव्हेंबर १८३५ दिलंय, तर काही ठिकाणी १८२८.

१८३५ धरलं तरी २३ पूर्ण होत नाहीत. १८५८ मधून १८३५ वजा केले की २३ उरतात खरे, पण वाढदिवस नोव्हेंबरमधला, म्हणजे जूनमध्ये २२ पूर्ण आणि तेविसावं चालू. १८२८ धरलं तर २९ पूर्ण.

मग पडताळा कशाने घ्यायचा? १८४२ च्या लग्नाने निकाल लागत नाही. सहा-सात वर्षांची नवरी असो की तेरा-चौदाची, त्या काळी दोन्ही चालायचं. १८५१ च्या पुत्रजन्माचंही तेच. जॉन लँग हा वकील मात्र १८५४ मध्ये त्यांना भेटला होता. तरुणपणी चेहरा फार देखणा असणार, अजूनही आकर्षक आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. अठरा वर्षांच्या मुलीबद्दल असं कोण लिहील? पंचविशीला ते जास्त जुळतं. अर्थात पडद्याआडून ओझरतं पाहिलेल्याचं हे मत, त्यामुळे माझा कल १८२८ कडे असला तरी पुरावा म्हणून ते तोकडंच.

पोस्ट टाकायचीच असेल तर "वय २२ किंवा २९, जन्मसालाबाबत मतभेद" असं लिहा. मधला आकडा काढून "सुमारे २५" मात्र लिहू नका, कारण तो कुठल्याच नोंदीतून निघत नाही.