बाकी, बदली कुठे?

सरकारी बँकेतली बढतीची यादी संध्याकाळी, शाखा बंद करून माणूस घरी निघाला की येते. पीडीएफ उघडायची, आधी आपला पीएफ नंबर शोधायचा, तो सापडत नाही. पुन्हा शोधायचा, कारण आकडा टाइप करताना चुकला असेल. तिसऱ्यांदाही सापडला नाही की नजर आपोआप मित्राच्या नावावर जाऊन थांबते. त्याचं नाव आहे. स्केल वनमधून स्केल टू. दोघं एकाच दिवशी रुजू झालात, एकाच डब्यातली भाजी खाल्लीत, परीक्षेला एकाच रिक्षातून गेलात. आता अभिनंदन करायचं आहे.

घाबरू नका. हे काम तुमच्या-आमच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत.

पहिला नियम वेळेचा. लगेच फोन करू नये. लगेच फोन केला तर खरंच आनंद झालाय असं वाटतं आणि नंतर ते निस्तरता येत नाही. आधी ग्रुपवर बाकीच्यांना लिहू द्यावं. चाळीसेक 'अभिनंदन' पडले, पुष्पगुच्छांची चित्रं येऊन गेली, कुणीतरी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या, की त्या गर्दीत आपला एक अंगठा सोडून द्यावा. फोन तिसऱ्या दिवशी करावा आणि सुरुवात 'अरे, क्लोजिंगच्या कामात होतो' अशी करावी. महिना कुठला आहे हे तो विचारणार नाही.

आता बोलणं. इथे नवशिके फसतात. त्यांना वाटतं, मत्सर 'अभिनंदन' या शब्दात लपवायचा असतो. अहो, त्या शब्दाला कुणी हात लावत नाही. तो सगळ्यांचा सारखाच असतो, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा. खरी कारागिरी त्याच्या पुढच्या वाक्यात असते.

पुढचं वाक्य बढतीच्या कारणाबद्दल असावं आणि त्या कारणात मित्र कुठेही नसावा. 'यंदा जागाच खूप होत्या म्हणा.' 'मुलाखतीला पॅनल चांगलं मिळालं तुला.' 'तुझ्या साहेबांनी एपीएआरच्या वार्षिक गुणांना हात सैल सोडलेला दिसतोय.' तिन्ही वाक्यं दिसायला माहितीची आहेत, त्यामुळे तो 'हो ना' म्हणतो. एकदा 'हो ना' म्हणाला की त्यानेच आपली बढती जागांना, पॅनलला आणि साहेबांना वाटून टाकली. लेखी परीक्षेसाठी तो सहा महिने पहाटे स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभा राहून वाचायचा, कारण बसला की झोप यायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच एकटे आहात ज्यांना ते ठाऊक आहे. ते चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. असलं काही बोललात तर त्याला कळेल की तुमचं लक्ष होतं, आणि मग पुढचा सगळा संवाद बिघडतो.

त्यानंतर वजाबाकी. मित्राच्या आनंदातून पैसे वजा करण्यात बँकवाल्यांचा हात कुणी धरू नये. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या वेतनश्रेणीत स्केल वनचं मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होतं आणि स्केल टूचं ६४,८२० पासून. त्याची बायको, सासरे आणि सोसायटीचे सेक्रेटरी हे दोन आकडे बघून खूश झालेले असतात. तुम्ही हळूच सांगावं, की बाबा रे, वर्षावर्षाच्या वेतनवाढी घेऊन तू आधीच वर चढलेला होतास, तेव्हा उडी काही एवढी मोठी नाही. हे खरं आहे. म्हणूनच ते वापरायचं. खोट्या गोष्टीने कुणाचा दिवस इतका नीट खराब होत नाही.

इथवर जमलं तर टॅक्स काढावा. 'स्लॅब बदलेल, हातात उलट कमीच येईल बघ.' वाढीव दर फक्त स्लॅबच्या वरच्या रकमेला लागतो, सगळ्या पगाराला नाही, हे तुम्ही काउंटरवर बसून पन्नास खातेदारांना समजावलेलं आहे. मित्राच्या बाबतीत ते विसरावं.

आणि शेवटी हुकमी पान. 'बाकी, बदली कुठे?'

या प्रश्नाला तोड नाही. आमच्याकडे बढती आणि बदली या जुळ्या बहिणी. एकीला मागणी घातली की दुसरी सामान घेऊन येते. त्याच्या घरी यादी लागल्यापासून याच एका विषयावर कुजबुज चालू आहे. मुलगी नववीत, आईचे गुडघे, घराचा हप्ता. हे सगळं त्याने पेढ्याच्या खोक्याखाली झाकून ठेवलंय. तुम्ही फक्त खोकं उचलायचं. आवाजात काळजी हवी, म्हणजे त्याला रागही धरता येत नाही.

एवढ्यावरही पोटातली आग शमली नाही तर 'मी तर यंदा फॉर्मच मनापासून भरला नव्हता' हे आहेच. मात्र ते फार वेळा वापरू नये. मी तीन वर्षं वापरलं. आता घरचेही ऐकून घेत नाहीत.

घरच्यांवरून आठवलं. या सगळ्या साधनेला एक धोका असतो आणि तो घरातच असतो. गेल्या खेपेला माझ्या मित्राचं नाव यादीत लागलं तेव्हा मी शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसलो होतो. पहिल्याच रात्री बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, नंबर लावला आणि म्हणाली, "भाऊजी, कसं कळलं हो तुम्हाला? पहिल्यापासून सांगा." आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवून दिला.

असा प्रश्न कुठे विचारतात का? तो सांगायला लागला. रेंज नव्हती, पीडीएफ उघडेना, मग जिन्यात जाऊन उघडली, आधी चुकून माझंच नाव शोधलं. इथे तो जरा थांबला. मला वाक्य टाकायला जागा होती, जागांचं, पॅनलचं, काहीही. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "ओट्यापाशी उभा राहून वाचलंस ते लागलं शेवटी कामी." तो पलीकडे एवढा हसला की स्पीकर फाटला. मग मुलाखत सांगितली, प्रश्नांसकट. चाळीस मिनिटं गेली. माझी वेतनश्रेणी तशीच राहिली, टॅक्स राहिला.

निदान हुकमी पान तरी टाकावं म्हणून मी विचारलं, "बाकी, बदली कुठे?"

"गोंदिया," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. नेमकी हीच वेळ असते, 'अरेरे' म्हणायची.

"सामान बांधायला कधी येऊ?" मी म्हणालो. कसं निघून गेलं कोण जाणे.

तो म्हणाला, रविवारी ये, आणि येताना जुनी वर्तमानपत्रं घेऊन ये, काचेच्या बरण्या खूप आहेत.