जुळतंय की ओ सर

राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात. घरी गेल्यावरही ग्रुपवर गणितांचे फोटो येत राहतात. गेल्या आठवड्यात एका मुलीनं रिकाम्या जागा असलेला एक तक्ता पाठवला. खाली लिहिलं होतं, "सर, सगळा भरला, बेरजा पण जुळतायत, पण पाचपैकी तीन उत्तरं पर्यायातच नाहीत." त्या एका तक्त्यावर आम्ही दोन दिवस बोललो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं, ते सविस्तर लिहितोय.

तक्ता चपलांच्या चार दुकानांचा होता. आकडे जोडांत. फोटोत दिसत होतं ते असं:

अ : एकूण ६००, शिल्लक २४०, विकलेल्यांत पुरुष : स्त्री ५ : ४
ब : एकूण रिकामं, शिल्लक १२५, विकलेल्यांत पुरुष : स्त्री ८ : ७
क : एकूण रिकामं, विक्री एकूणच्या ७० टक्के, विकलेल्यांत स्त्रियांचे १८०
ड : सगळंच रिकामं
बेरीज : एकूण २४००, विक्री १५७५, विकलेल्यांत पुरुषांचे ८६०
टीप : 'ब'ची विक्री त्याच्या शिल्लकीपेक्षा २०० टक्के जास्त.

तिनं काय केलं ते बघा. 'अ'ची विक्री ६०० वजा २४०, म्हणजे ३६०. ती ५ : ४ मध्ये वाटली, पुरुषांचे २००, स्त्रियांचे १६०. 'ब'ची विक्री शिल्लकीपेक्षा २०० टक्के जास्त, म्हणजे १२५ अधिक २५०, एकूण ३७५. ती ८ : ७ मध्ये वाटली, २०० आणि १७५. शिल्लक मिळवून 'ब'चे एकूण जोड ५००. इथपर्यंत सगळं बरोबर.

आता २४०० मधून ६०० आणि ५०० गेले, 'क' आणि 'ड' मिळून १३०० उरले. पुढची वाट दिसेना, म्हणून तिनं ते निम्मे निम्मे केले, ६५० आणि ६५०. मग 'क'ची ७० टक्के विक्री ४५५ आली, त्यातले स्त्रियांचे १८० काढले तर पुरुषांचे २७५. 'ड'ची विक्री १५७५ वजा ३६० वजा ३७५ वजा ४५५, म्हणजे ३८५. 'ड'मधले पुरुषांचे ८६० वजा २०० वजा २०० वजा २७५, म्हणजे १८५, आणि स्त्रियांचे २००. उभ्या बेरजा जुळल्या, आडव्या जुळल्या, कुठं अपूर्णांक आला नाही. मी म्हटलं, "निम्मे कुठून आणलेस?" तर म्हणाली, "पण जुळतंय की ओ सर."

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. तक्ता जुळला म्हणजे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, एवढंच कळतं. ते खरे आहेत हे त्यातून कळत नाही. वर निम्म्याऐवजी ५०० आणि ८०० घेतले असते तरीही जुळलंच असतं. करून बघा: 'क'ची विक्री ३५०, पुरुषांचे १७०, 'ड'ची विक्री ४९०, पुरुषांचे २९०, स्त्रियांचे पुन्हा २००. बेरजा तिथंही हसत जुळतात. ज्या तक्त्याला एकापेक्षा जास्त भरणी चालतात, त्यात काहीतरी कमी आहे आणि ते शोधायचं राहिलंय.

हे भरायच्या आधीच कळू शकतं, आणि त्यासाठी फक्त मोजावं लागतं. 'अ' आणि 'ब' आपापल्या ओळीतच सुटतात. मग 'क' आणि 'ड' यांचे एकूण जोड, या दोन अनोळखी जागा उरतात. त्यांच्याबद्दल आपल्याला एकच गोष्ट माहीत आहे, की दोन्ही मिळून १३००. दोन जागांना दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. दुसरी नाही, म्हणजे एक तर या जागा प्रश्नात विचारता येत नाहीत, नाही तर ती दुसरी गोष्ट फोटोच्या बाहेर राहिली. मी तिला पुस्तकाचं पान पुन्हा, चारही कोपरे दिसतील असं काढून पाठवायला सांगितलं. पहिल्या फोटोत पानाची खालची कड कापली गेली होती. टीपेची दुसरी ओळ तिथं होती: 'क' आणि 'ड' यांच्या एकूण जोडांचं गुणोत्तर ६ : ७.

तेराशे भागिले तेरा, शंभर. 'क' ६००, 'ड' ७००. 'क'ची विक्री ४२०, त्यात स्त्रियांचे १८०, पुरुषांचे २४०. 'ड'ची विक्री १५७५ मधून बाकी तिघांची वजा करून ४२०. 'ड'मध्ये पुरुषांचे २२०, स्त्रियांचे २००. तिची तिन्ही उत्तरं लगेच पर्यायात सापडली.

फोटोवरून सोडवताना तक्त्याखालच्या टीपा कापल्या जातात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिली नजर तिथंच जाते. प्रश्नकर्ता सगळ्यात महत्त्वाची अट बहुतेक वेळा तक्त्यात न ठेवता खालच्या ओळीत ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्याच तक्त्यावर वेगळंच झालं. तिनं नवा फोटो ग्रुपवर टाकला, एका मुलानं तो मोबाइलवर लहान दिसत असतानाच उतरवून घेतला. आकडे इंग्रजी छपाईतले, त्यात तीन आणि आठ पुसट झाले की ओळखू येत नाहीत. त्यानं 'ब'चं गुणोत्तर ३ : ७ वाचलं. खरं तर ही चूक लगेच सापडायला हवी होती. ३ : ७ म्हणजे दहा भाग, आणि ३७५ चे दहा समान भाग साडेसदतीसचे होतात. अर्धा जोड कुणी विकत नाही. ८ : ७ चे पंधरा भाग पंचवीस पंचवीसचे पडतात. अंधुक आकडा ओळखायची माझी आवडती खूण हीच आहे: गुणोत्तराच्या भागांची बेरीज करा आणि ती वाटायच्या संख्येला पूर्ण भागते का बघा.

पण त्याला अपूर्णांक आलाच नाही, कारण त्याआधी त्यानं आणखी एक चूक केली होती. '२०० टक्के जास्त' याचा अर्थ त्यानं 'दुप्पट' घेतला. ही चूक फार सर्रास होते. १०० टक्के जास्त म्हणजे दुप्पट, २०० टक्के जास्त म्हणजे तिप्पट. १२५ ची दुप्पट २५०, आणि २५० चे दहा भाग छान पंचविसाचे पडतात. पुरुषांचे ७५, स्त्रियांचे १७५. एका चुकीनं दुसरीला झाकलं. त्याची ओळ बघितली तर काही खटकत नव्हतं.

त्याची चूक खालच्या बेरजेनं पकडून दिली. त्याच्या हिशोबानं 'ब'चे एकूण ३७५ झाले, 'क' आणि 'ड' यांना १४२५ उरले. ते ६ : ७ मध्ये वाटायचे तर १४२५ ला १३ नं भागावं लागतं आणि बाकी आठ उरते. तिथं तो अडला आणि मला विचारायला आला. मला ते फार आवडलं. बरीच मुलं अशा वेळी १०९.६ असं काहीतरी घेऊन पुढं जातात आणि शेवटी जवळचा पर्याय निवडतात. नगांच्या गणितात मध्येच अपूर्णांक आला तर थांबायचं आणि मागं जायचं. शेवटची ओळ तपासण्याऐवजी ज्या ओळीवर ती उभी आहे ती तपासायची. इथं दोष 'ब'मध्ये होता, पण बाकी उरली ती 'क' आणि 'ड'च्या वाटणीत.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. हल्ली मुलांना सरसकट सांगितलं जातं, "तक्ता भरत बसू नका, प्रश्न वाचा आणि लागेल तेवढंच काढा." वेळेची ओढ मला समजते. बँकांच्या बऱ्याच पूर्वपरीक्षांत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात, म्हणजे पाच प्रश्नांच्या संचाला तीन मिनिटंही धड येत नाहीत. तरीही रिकाम्या जागांच्या तक्त्याला हा सल्ला चुकीचा आहे असं मला वाटतं. या संचातल्या पाचपैकी चार प्रश्नांत 'क' किंवा 'ड' होते. प्रत्येक वेळी 'लागेल तेवढंच' म्हणत तीच साखळी चार वेळा ओढायची का? शिवाय तुकड्या-तुकड्यानं काढलेला आकडा बेरजेशी कधीच ताडला जात नाही. त्या मुलाची जोडचूक पूर्ण तक्ता भरायला घेतला म्हणूनच सापडली, नाही तर 'ब'वरच्या प्रश्नाला त्यानं बिनधास्त २५० लिहून पाव गुण घालवला असता. भरलेला तक्ता हाताशी असला की प्रश्नाला वाचायलाच काय तो वेळ लागतो.

याच संचातला शेवटचा प्रश्न बघा: चारही दुकानांची मिळून विक्री एकूणच्या किती टक्के? दुकानवार टक्के येतात ६०, ७५, ७० आणि ६०. त्यांची सरासरी ६६.२५, आणि तो पर्याय तिथं हमखास ठेवलेला असतो. पण दुकानांचे एकूण जोड सारखे नाहीत, त्यामुळं टक्क्यांची सरासरी चालत नाही. १५७५ भागिले २४००, म्हणजे ६५.६२५. हे दोन आकडे तर पहिल्यापासून खालच्या ओळीत छापलेले होते.

माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आहे, आणि ती काल रात्री त्याच मुलीनं माझ्या आधी पकडली. तिनं नवा तक्ता पाठवला, पानाचे चारही कोपरे दिसत होते. पाच कारखान्यांचे कामगार. चार ओळी भरून झालेल्या, पाचवीतल्या जागांभोवती पेन्सिलनं गोल. लिहिलं होतं, "सर, इथं पुरुष : स्त्री ५ : ४ दिलंय, पण एकूण कुठूनच येत नाही. खालची बेरीज पण नाही. टीपा दोनदा बघितल्या. ही ओळ भरत नाही, बरोबर?"

बरोबर होतं. त्या कारखान्यावर एकच प्रश्न होता, स्त्रिया पुरुषांपेक्षा किती टक्के कमी. पाचात एक कमी, वीस टक्के. तिनं ते उत्तर गोलाशेजारीच लिहून ठेवलं होतं, आणि जागा रिकाम्याच ठेवल्या होत्या.