दोन वर्षं न हललेला पार्ट आणि आयडी फॅनचं बेअरिंग

«स्टोअरमध्ये दोन वर्षांत न हललेला प्रत्येक पार्ट म्हणजे मेलेला पैसा. लिस्ट काढा आणि विकून टाका. आता सांगली-पुण्यात काहीही चार तासांत मिळतं. लाखाचा पार्ट ठेवला तर वर्षाला वीस-पंचवीस हजार व्याजात जातात. आणि एवढं करून ऐनवेळी काढला तर पडून पडून तो खराबच निघतो.»

मेंटेनन्सवाल्यांच्या गटांत हा मजकूर महिनाभर फिरतोय. आमच्या एका तरुण इंजिनिअरने तो छापून स्टोअरच्या दारावर चिकटवला तेव्हा मात्र लिहायला बसलो. मी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर आणि मिल हाऊसची देखभाल पाहिली आहे, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो.

पहिल्यांदा दोन वर्षांबद्दल. हा आकडा बारा महिने चालणाऱ्या कारखान्यातून उचललेला दिसतो. आमच्याकडे मोळी टाकल्यापासून गाळप संपेपर्यंत चार-पाच महिने जातात, बाकीचे दिवस ओव्हरहॉलिंगचे. म्हणजे कॅलेंडरची दोन वर्षं ही मशीनसाठी आठ-दहा महिन्यांची चाल. उन्हाळ्यात उभा असलेला फॅन बेअरिंग मागणार नाही, पण स्टोअरमधल्या पार्टच्या नोंदीच्या बिन कार्डवर ते दिवसही ‘न हललेले’ म्हणूनच मोजले जातात.

तेवढं सोडून दिलं तरी गणित जुळत नाही. समजा एखादा पार्ट सरासरी 8 हंगामांत एकदा लागतो. एका हंगामात तो न लागण्याची शक्यता 8 पैकी 7, आणि सलग दोन हंगाम न लागण्याची शक्यता 64 पैकी 49, म्हणजे सुमारे 77 टक्के. अगदी गरजेचा पार्टसुद्धा दर चारपैकी तीनदा त्या लिस्टमध्ये जाऊन बसणार. न हलणं हा अशा पार्टचा दोष नाही, स्वभावच आहे. कार्डावरची शेवटची तारीख पाहून तो मेला की जिवंत, हे कळत नाही.

आता चार तासांवर येतो. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर.

बॉयलरचा आयडी फॅन भट्टीतला धूर ओढून चिमणीकडे लोटतो. तो थांबला की भट्टीतला ओढा जातो, बॉयलर बंद करावा लागतो, वाफ संपते, टर्बाइन आणि मिल थांबतात आणि गव्हाणीत ऊस तसाच पडून राहतो. मी तेव्हा होतो त्या कारखान्यात हा फॅन एकच होता. त्याच्या शाफ्टवर दोन स्फेरिकल रोलर बेअरिंग होती, 22228 के, सी3 क्लिअरन्सची, एच 3128 स्लीव्हवर बसणारी. जानेवारीतल्या एका रात्री मोकळ्या टोकाच्या बेअरिंगचं तापमान तासाभरात 72 अंशांवरून 95 वर गेलं आणि आवाजही बदलला. पहाटे तीनला फॅन बंद केला.

बिन कार्डवर लिहिलं होतं, ‘22228, एक नग’. स्टोअर कीपरने डबा काढून दिला. फिटरने कागद फाडून पाहिलं आणि म्हणाला, «साहेब, हे सरळ बोअरचं आहे.» नंबरातलं ‘के’ हे अक्षर निमुळत्या बोअरचं असतं. स्लीव्हच्या बाहेरच्या निमुळत्या अंगावर तसंच बेअरिंग बसतं, सरळ बोअरचं बसत नाही. आमचा शाफ्ट 125 मिमीचा, बेअरिंगचं बोअर 140 मिमीचं, आणि मधली जागा स्लीव्ह भरते. ‘के’चं खरं स्पेअर आदल्या पावसाळ्यात ‘न हललेल्या’ मालाच्या लिलावात गेलं होतं. दुसऱ्या एका मशीनचं सरळ बोअरचं बेअरिंग कार्डावर त्याच नंबराने उरलं होतं, कारण लिलावाची यादी करणाऱ्याने नंबराची शेपटी वाचलीच नव्हती.

सकाळी साडेसातला सांगलीतल्या एका दुकानदाराने फोन उचलला. त्याच्याकडे 22228 होतं, पण सरळ बोअरचं. कोल्हापुरात ‘के’ मिळालं, पण नॉर्मल क्लिअरन्सचं. ते लावून टाका, असा आग्रह झाला. मी नाही म्हणालो. कारण सांगतो. निमुळतं बेअरिंग स्लीव्हवर चढवताना आतली रिंग थोडी फुगते आणि रोलरची मोकळीक कमी होते. या मापात ती 0.065 ते 0.09 मिमी इतकी कमी करायची असते आणि ती फीलर गेजने मोजत मोजतच नट आवळायचा असतो. त्यातच धुराची उष्णता शाफ्टमधून आतल्या रिंगपर्यंत पोचते आणि रिंग आणखी फुगते. सी3 ही जादा मोकळीक याचसाठी असते. नॉर्मल घातलं असतं तर ते फिरलं असतं, पण मोकळीक संपून पुन्हा तापण्याची भीती होती.

शेवटी पुण्यात अकराला सापडलं. बिलाची मंजुरी, पैसे पाठवणं, गाडी शोधणं, यात दीड तास गेला. कराडमार्गे गाडी संध्याकाळी सातला आली. गाडीच्या प्रवासाला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ ‘नक्की कोणतं आणि कोणाकडे’ हे ठरवण्यात गेला होता. बसवून, फिरवून पाहून, बॉयलर परत चालू करून रात्रीचे बारा वाजले. एकूण 21 तास. स्पेअर हातात असतं तर जुनं काढायला सहा आणि नवं बसवून बॉयलर वर आणायला पाच, म्हणजे 11 तास लागले असते. जादा गेलेले तास दहा. त्या दहा तासांत अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि तोडलेला ऊस वाळत होता. तोडल्यावर ऊस जितका वेळ पडून राहील तितकं त्याचं वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घसरतात, हे इथल्या शेतकऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

व्याजाचा हिशेब मी नाकारत नाही, तो अर्धवट आहे एवढंच. बेअरिंग आणि स्लीव्ह मिळून 40 हजार धरा. व्याज, जागा, विमा मिळून वर्षाला 25 टक्के धरा, म्हणजे 10 हजार. आता दुसरी बाजू. कारखाना बंद असल्याचा तोटा तासाला दीड लाख धरला, तर दहा तासांचे 15 लाख होतात. आठ हंगामांत एकदा असं होत असेल, तर वर्षाच्या वाट्याला जवळपास एक लाख 87 हजार येतात. दीड लाख हा आकडा माझा धरलेला आहे, तुम्ही तुमचा घाला. पण समतोल कुठे येतो ते पाहा. 15 लाखांना 10 हजारांनी भागा, 150 येतात. दीडशे वर्षांत एकदापेक्षा कमी वेळा जाणार असेल, तरच हे बेअरिंग न ठेवणं परवडतं. तासाचा तोटा निम्मा धरला तरी 75 वर्षं.

हाच हिशेब उलटाही लागतो, आणि तो फॉरवर्ड लिहिणाऱ्यापेक्षा आमच्या मेंटेनन्सवाल्यांनी ऐकायला हवा. कुठल्याशा पाण्याच्या पंपाची 15 किलोवॉटची मोटर, शेजारी स्टँडबाय पंप तयार, आणि रिवाइंडिंगवाला दुसऱ्या दिवशी मोटर देतो. तिथे जादा तास शून्य, मग स्पेअर मोटर कशाला? दोन्हींमधला फरक किमतीत नाही, इशारा आणि पुरवठा यांच्यातल्या शर्यतीत आहे. पार्ट बिघडतोय हे किती आधी कळतं, आणि नवा यायला किती वेळ लागतो? दर आठवड्याला कंपन मोजत असाल तर बरीच बेअरिंगं काही आठवडे आधी कुरकुरायला लागतात. पुरवठा दोन दिवसांचा असेल, तर स्टोअरमध्ये ठेवायची गरज नाही. पण आयडी फॅनमध्ये बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख आणि वाळू इम्पेलर झिजवतात, कधी पात्यावर थर साचून एकदम सुटतो आणि समतोल बिघडतो, आणि तापलेल्या बाजूला ग्रीस संपलं की तासाभरात खेळ आटोपतो. इशारा तासाचा आणि पुरवठा दिवसाचा. मिलच्या गिअरबॉक्सचा पिनियन तर ड्रॉइंगवर बनवून घ्यावा लागतो. फोर्जिंग, मशीनिंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग यांत दोन-तीन महिने जातात. तो वेळेवर नसेल तर तासांचा हिशेब करायची गरजच उरत नाही, अख्खा हंगाम जातो.

शेवटचा मुद्दा, पडून खराब होण्याचा. हा खरा आहे. पण त्याचा अर्थ ठेवू नका असा होत नाही, कसं ठेवता ते बघा असा होतो. मी 90 किलोवॉटची एक स्पेअर मोटर पाहिली आहे. ती चालत्या मशीनशेजारी चार वर्षं उभी होती. जमिनीच्या कंपनाने बेअरिंगचे रोलर एकाच जागी थरथरत राहिले आणि रेसवर रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर बारीक खड्डे पडले. बसवल्याच्या दिवसापासून ती घरघरत होती. उपाय साधा आहे. अशी मोटर कंपनापासून दूर ठेवायची, दर तीन महिन्यांनी शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवायचा आणि खडूने खूण करायची. लावण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंगच्या इन्सुलेशनचं एक मिनिट वाचन घ्यायचं. 415 व्होल्टच्या मोटरला 5 मेगोहमच्या खाली आलं, तर सुकवल्याशिवाय लावू नका. पावसाळ्यात मोटरमध्ये हीटर चालू ठेवला तर बहुधा ती वेळ येत नाही. बेअरिंगचा मूळ कागद उगाच उघडायचा नाही आणि डबा आडवा ठेवायचा. मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमधले कपॅसिटर वीज न मिळाल्याने कमजोर होतात, म्हणून त्याला वर्षातून एकदा वीज द्यावी लागते. चालत्या ड्राइव्हची पॅरामीटर यादी त्याच डब्यात ठेवायची, नाहीतर स्पेअर हातात असूनही रात्रभर कोणाला तरी फोन करत बसावं लागतं.

त्या रात्रीनंतर आम्ही बिन कार्डावर तीन ओळी वाढवल्या: शेपटीसकट पूर्ण नंबर, कोणत्या मशीनला लागतो, आणि आणायला खरे किती तास लागले. तिसरी ओळ दुकानदाराच्या आश्वासनावरून भरायची नाही, मागच्या खरेदीच्या तारखांवरून भरायची. या ओळी भरताना स्टोअर कीपरला जुन्या मिल टर्बाइनच्या कार्बन रिंग, गव्हर्नरचे भाग आणि एक स्पिंडल सापडलं. मिलला मोटर आणि व्हीएफडी लावून टर्बाइन केव्हाच काढून टाकलेली, आणि तिचे सुटे भाग अजून रॅकवर व्यवस्थित ग्रीस लावून ठेवलेले. ते आम्ही त्याच आठवड्यात विकले.