एक रकात

आज इशाच्या नमाजेनंतर माझा बारा वर्षांचा मुलगा मशिदीतून तोंड पाडून घरी आला. त्याने वित्र, म्हणजे इशानंतरची विषम रकातींची नमाज, पढली. आमच्या कोकणी घरात पढतात तशीच, दोन रकात, सलाम, मग वेगळी एक रकात. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चारचौघांत सुनावलं, "एक रकातीची नमाज नसते. कुनूतही पढला नाहीस. झाली नाही तुझी वित्र, परत पढ." पोराने परत पढली. म्हणजे एका रात्रीत दोनदा वित्र, जी कुणाच्याच मसलकात, कुठल्याच पंथात चालत नाही!

मला इतका राग आलाय की दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

आमचं घर दोन मसलकांचं. अब्बा कोकणातले, शाफई. अम्मी कोल्हापूरकडची, हनफी. मी नऊ वर्षांची असताना रमजानच्या सोळाव्या रात्री दादी आणि अम्मी एकाच खोलीत, शेजारी शेजारी जानमाज टाकून वित्र पढत होत्या आणि मी मागे बसून बघत होते. दादीने दोन रकातींवर सलाम फेरला आणि पुन्हा उभी राहिली. अम्मी मात्र दोनवर बसली, अत्तहियात पढून सलाम न फेरता उठली. तिची तिन्ही रकात एकाच सलामाची. दादी शेवटच्या रकातीत रुकूतून सरळ झाली आणि तशीच उभी राहून दोन्ही हात छातीसमोर पसरून मागत राहिली. शाफईंची वित्रमधली कुनूत, उभ्याने मागायची दुआ, ती हीच, रुकूनंतरची, रमजानच्या उत्तरार्धातली. एरवी वर्षभर ते ती फज्रमध्ये पढतात. हनफींची मात्र बारा महिने वित्रमध्येच, तीही रुकूच्या आधी. तिसऱ्या रकातीत सूरा झाली की हात कानांपर्यंत नेऊन 'अल्लाहु अकबर' म्हणायचं, परत बांधायचे आणि मग दुआ.

नेमका त्या रात्री पाळण्यातला भाऊ रडायला लागला आणि अम्मी कुनूत न पढताच रुकूत गेली. ती परत उभी राहिली नाही. शेवटी तिने भुलीचे दोन सज्दे केले आणि नमाज पुरी केली. मला वाटलं, आता दादी काहीतरी बोलणार. दादीने उठून पाळण्याला झोका दिला. बस.

ठीक आहे, त्या गृहस्थांची तीन रकात एका सलामाची आहे आणि त्यांच्या मसलकात तेच बरोबर. दिवसाची विषम नमाज मगरिब, तीही तीनच, हा त्यांचा दाखला मला माहीत आहे. हनफींकडे वित्र वाजिब, आमच्याकडे सुन्नत, म्हणून त्यांना जास्त धास्ती, हेही मान्य. पण "एक रकात नसते"? बुखारीतच आहे ना, रात्रीची नमाज दोन-दोन, आणि पहाट होईलसं वाटलं की एक रकात पढा, ती आधीच्या सगळ्या नमाजेला विषम करून टाकते. ही एक रकात म्हणजे रात्रीची गाठ आहे. अल्लाह एक आहे आणि त्याला विषम आवडतं, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. मग त्या एकीवरच पोराला टोकायचं?

दादी आयुष्यभर वित्र मागे ठेवायची. इशानंतर झोपायची, पहाटे उठून तहज्जुद, आणि शेवटी वित्र. शेवटच्या दोन वर्षांत मात्र झोपण्याआधीच पढायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "आता जाग येईल याचा भरोसा नाही गं." हजरत अबू बक्रही झोपण्याआधी पढायचे आणि हजरत उमर रात्रीच्या अखेरीला. पैगंबरांनी एकाला सावध म्हटलं, दुसऱ्याला हिमतीचा. चूक कुणालाच म्हटलं नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. परत तीच खोली आठवतेय. त्या दोघींच्या दुआसुद्धा वेगळ्या होत्या. दादीची, पैगंबरांनी नातू हसन यांना शिकवलेली: ज्यांना तू वाट दाखवलीस त्यांच्यात मलाही दाखव, जे दिलंस त्यात मला बरकत दे. सगळं 'मला'. जमातीत इमाम तिचंच 'आम्हाला' करतो. अम्मीची दुआ मात्र मुळातच 'आम्ही'ची: आम्ही तुझीच मदत मागतो, तुझ्याकडेच धाव घेतो. खोलीत एकटी असली तरी 'आम्ही'.

मी दादीला एकदा सांगितलं, अम्मी तुमच्यासारखं मागत नाही. दादी म्हणाली, "मी माझ्यासाठी मागते. ती मागते त्यात मीपण आहे की."

पोराला आत्ताच हे सांगितलं. उद्या इशाला त्याचे अब्बा सोबत जाणार आहेत. तो दोन पढेल, सलाम फेरेल आणि एक पढेल, त्याच सफेत, त्या गृहस्थांच्या शेजारी.