गोडा मसाल्यातलं खोबरं आणि दूरच्या दुकानाचं शेल्फ

प्रतिक्रिया: "घरगुती चवीचा गोडा मसाला देशभर विकता येतो हे पटत नाही. डंकावरून मशीनवर गेला की मसाल्याचा जीव जातो. तुम्ही उगाच लहान उद्योजिकांना भरीला घालता." – एक वाचक, नौपाडा, ठाणे

ताई, गरम दळणाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पल्व्हरायझर सलग चालवला की मसाला तापतो आणि धने, लवंग, वेलचीचं सुगंधी तेल उडून जातं. पण थोडं थोडं दळलं आणि मध्ये गार होऊ दिलं, तर ते बरंचसं वाचतं. गोडा मसाला मोठ्या बाजारात फसतो तो खोबऱ्यापाशी, आणि तिथे डंकही वाचवू शकत नाही.

सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांहून जास्त तेल असतं. घरचा डबा घरातच संपतो. दूरच्या शहरातला पुडा मात्र गोदाम, वितरक आणि दुकान असं करत महिनोन् महिने पडून राहतो. खोबऱ्यात ओलावा उरला असेल तर तेवढ्या काळात तेल फुटतं आणि त्यातून लॉरिक आम्ल सुटतं. मग आमटीला साबणासारखी चव येते. खवट वासाच्या आधीच ती जिभेला कळते.

रबाळ्याच्या एका छोट्या कारखान्यात हेच झालं. पावसाळ्यानंतर बाहेरच्या राज्यातून पुडे परत आले. मालकीणबाईंनी सगळा दोष दळणाला दिला. प्रत्यक्षात घरी कढईत मंद आचेवर भाजलं जाणारं खोबरं तिथे मोठ्या ड्रममध्ये, जाड तुकड्यांत भाजलं जात होतं. बाहेरून बदामी रंग आला की उतरवायचे, पण आतला गाभा ओलसरच. शिवाय घाईत कोमट मसालाच पुड्यात भरला जायचा, त्यामुळे आत वाफ धरायची.

बदल साधे होते. खोबऱ्याचा एकसारखा बारीक कीस करून तो कमी आचेवर, छोट्या घाण्यांत भाजायचा. तीळही वेगळे भाजायचे. खोबरं इतर मसाल्याबरोबर दळायचं नाही, कारण तेल सुटून चाळणी बुजते आणि मशीन आणखी तापतं. ते वेगळं, भरड करून शेवटी मिसळायचं. पूर्ण गार झाल्यावरच ॲल्युमिनियम फॉइलच्या थराच्या पुड्यात भरायचं. प्रत्येक घाण्यातला एक पुडा कारखान्यातल्या गरम कोपऱ्यात ठेवून दर महिन्याला त्याची आमटी करून चाखायची.

खोबरं काढून टाका, मसाला आणखी टिकेल, असा सल्ला अशा बायकांना हमखास मिळतो. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. खोबरं आणि तीळ गेले तर आमटीचा दाटपणा आणि गोडसर भाजका वास दोन्ही जातात, मग पाकिटावर 'गोडा' लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. त्यापेक्षा विक्रीची मुदत कमी छापावी, लहान पुडे करावेत आणि वितरकाला एकदम ट्रकभर माल न देता दर महिन्याला ताजी खेप पाठवावी. यात वाहतूक महाग पडते आणि पुड्याचा भाव चढतो. तेवढा भाव न पेलणारी दुकानं सोडून द्यावीत, असंच मी त्यांना सांगतो.